भिंगातला फरक आणि फरकाचे पैसे



मोतीबिंदूच्या ऑपरेशनला किती खर्च येतो, असं आज नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या एखाद्या नेत्र रुग्णालयात विचारलं, तर उत्तर एका आकड्यात मिळत नाही. समोर एक गुळगुळीत कार्ड येतं. त्यावर तीन-चार रकाने असतात, प्रत्येक रकान्यात एका भिंगाचं नाव आणि त्याखाली पॅकेजचा आकडा. पहिला आणि शेवटचा आकडा यांत तिपटी-चौपटीचं अंतर. डॉक्टर तपासून पुढच्या पेशंटकडे वळलेले असतात. आता समोर बसलेली असते ती काउन्सेलर मुलगी, आणि ती मोठ्या अदबीनं विचारते, "काका, लेन्स कुठली टाकायची?" ज्याला समोरचं कार्डच नीट दिसत नाही, त्याला हा प्रश्न विचारला जातो, यातली गंमत तुमच्याही लक्षात आली असेल.

मी डॉक्टर नाही. कविता लिहितो आणि बी.ए.पर्यंत शिकलोय. पण गेल्या काही वर्षांत घरातल्या आणि मित्रांच्या डोळ्यांच्या निमित्तानं या कार्डासमोर इतक्या वेळा बसलो, की त्याची उजळणी करावी असं वाटलं. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न एकच आहे : साधं भिंग आणि महागडं भिंग यांत नेमका फरक कशाचा, आणि त्या फरकाचे पैसे कोण देतं?

आधी भिंगाविषयी. आपल्या बाहुलीच्या मागं निसर्गानं एक पारदर्शक भिंग ठेवलेलं असतं. वयानुसार ते गढूळ होत जातं, हाच मोतीबिंदू. औषधानं तो जात नाही, गढूळ भिंग काढावंच लागतं. माझ्या लहानपणी भिंग काढत, पण त्या जागी दुसरं काही बसवत नसत. माझ्या नानीच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा होता. त्या काचांतून तिचे डोळे आम्हाला दुप्पट मोठे दिसायचे आणि तिला जिन्याची पायरी आहे त्याहून जवळ दिसायची. चष्मा हरवला की ती पुन्हा आंधळीच.

या जागी कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पना हॅरॉल्ड रिडले नावाच्या इंग्रज डॉक्टरची. महायुद्धात लढाऊ विमानाच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा त्या प्लॅस्टिकवर फारसा चिडत नाही, हे त्यानं पाहिलं होतं. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यानं त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. आपल्याकडे मात्र ते गरिबापर्यंत यायला पुढची चाळीसेक वर्षं गेली, कारण भिंग परदेशातून यायचं आणि शंभर डॉलरच्या घरात पडायचं. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या लोकांनी ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि तेच भिंग सुरुवातीला सुमारे दहा डॉलरला मिळू लागलं. पुढे ते आणखी स्वस्त झालं. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत मिळून लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही शिबिरं शक्य झाली त्यामागं भिंग स्वस्त झाल्याचाही वाटा आहे. सरकारी दवाखान्यात आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाच्या शिबिरांत हे ऑपरेशन भिंगासकट फुकट होतं. नांदेडला विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही.

आता ऑपरेशनचे दोन प्रकार. एकात सुमारे सहा मिलिमीटरचा छेद घेऊन गढूळ भिंग अख्खं बाहेर काढतात आणि कडक भिंग बसवतात. टाके बहुधा लागत नाहीत, छेदच असा तिरका असतो की तो आपोआप मिटतो. दुसऱ्याला फेको म्हणतात. त्यात तीन मिलिमीटरहून लहान छेदातून एक बारीक नळी आत जाते, ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून ओढून घेते आणि गुंडाळलेलं भिंग त्याच छेदातून आत सोडलं की ते आत उलगडतं. लोक याला "लेझरचं ऑपरेशन" म्हणतात. त्यात लेझर नसतो. खरोखरीच लेझर वापरणारी यंत्रंही मोठ्या शहरांत आहेत, पण त्यांचा दर वेगळा आणि बिलही वेगळं.

या दोन प्रकारांची तुलना पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. ४०० डोळे, चिठ्ठी टाकावी तशी विभागणी, निम्म्यांवर फेको आणि निम्म्यांवर लहान छेदाचं ऑपरेशन. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याचं बऱ्यापैकी दिसणारे लोक फेकोत शंभरात ८१ होते आणि दुसऱ्या प्रकारात ७१. मात्र योग्य नंबरचा चष्मा लावून पाहिलं, तर दोन्हीकडे शंभरात ९८. मला हे आकडे फार बोलके वाटतात. दहा माणसांचा जो फरक होता, तो दृष्टीतला नव्हता, चष्म्यातला होता. हे सूत्र हातात धरलं की त्या गुळगुळीत कार्डावरचे रकाने वाचता येतात.

कार्डावरचं पहिलं भिंग एककेंद्री, म्हणजे मोनोफोकल. ते एकाच अंतरावर नेमकं दाखवतं. बहुधा दूरचं साधतात, म्हणजे रस्ता, माणसं, टीव्ही बिनचष्म्याचे दिसतात. वाचायला, सुईत दोरा ओवायला, मोबाइल पाहायला चाळिशीचा चष्मा लागतो. देशी असो की परदेशी, घडीचं असो की कडक, मोनोफोकल ते मोनोफोकल. दुसऱ्या रकान्यात "इंपोर्टेड" म्हणून जे असतं, ते बहुतेक वेळा हेच असतं, फक्त कंपनी वेगळी. चांगल्या प्रतीच्या घडीच्या भिंगामागं पुढं काही वर्षांनी जाळी कमी धरते, हे खरं आहे. पण जाळी धरलीच तर ती लेझरनं पाच-दहा मिनिटांत साफ होते. जाळीला घाबरून घर गहाण टाकण्याचं कारण नाही.

तिसरं टोरिक. बुबुळ चेंडूसारखं गोल नसून अंड्यासारखं एका बाजूनं ताणलेलं असेल, तर चष्म्यात तिरका नंबर असतो. तो नंबर टोरिक भिंगात घातलेला असतो. तिरका नंबर मोठा असेल तर त्याचा खरा उपयोग आहे. पण ते भिंग ठरलेल्या कोनातच बसावं लागतं. एक अंश फिरलं तर सुमारे तीन टक्के परिणाम जातो आणि तीस अंश फिरलं तर बसवलं न बसवलं सारखंच. बुबुळाचा तिरका नंबर अर्ध्याच्या आसपास असलेल्या माणसाला टोरिक विकणं म्हणजे टक्कल असलेल्याला कंगवा विकण्यासारखं आहे.

आणि चौथं, सगळ्यात महाग : मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल. या भिंगावर बारीक वर्तुळं कोरलेली असतात. ती डोळ्यात येणारा उजेड वाटून टाकतात, काही दूरसाठी, काही जवळसाठी, काही मधल्या अंतरासाठी. त्यामुळं बऱ्याच जणांचा चष्मा खरोखरच सुटतो. पण उजेड वाटला गेला की प्रत्येक वाट्याला तो कमी येतो. मंद प्रकाशात राखाडीवरचं काळं तितकं उठून दिसत नाही आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. अनेकांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होत नाही. ज्यांच्या डोळ्याचा पडदा मधुमेहानं किंवा वयानं खराब झालाय, ज्यांना काचबिंदू आहे, बुबुळ वेडंवाकडं आहे, डोळे फार कोरडे आहेत किंवा जे रात्री गाडी चालवतात, त्यांनी या भिंगापासून जपून राहावं. आधीच उजेड कमी पोचणाऱ्या पडद्यावर त्याचीही वाटणी केली तर हाती काय उरणार?

एक गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात लिहिलेली नसते, आणि ती या सगळ्यांहून मोठी आहे. ती म्हणजे मोजमाप. भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजतात. डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. ही लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर भिंगाचा नंबर सुमारे अडीचनं चुकतो. मग भिंग जर्मनीचं असो की मदुराईचं, नाकावर चष्मा येणारच. म्हणून भिंग कुठल्या कंपनीचं, याच्याआधी "मोजमाप दोनदा केलंत का, आणि दोन्ही वेळा सारखंच आलं का" हे विचारावं.

आता पैशाकडे येतो. त्यासाठी माझ्या थोरल्या बहिणीचं, आपाचं उदाहरण सांगतो. आपा लातूरला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली, वय चौसष्ट, दहा वर्षांपासून साखर आहे. डावा डोळा धुरकट झाला म्हणून आम्ही तिला एका खासगी रुग्णालयात नेलं. कार्डावर मोनोफोकल २६ हजार, "इंपोर्टेड" ४२ हजार आणि ट्रायफोकल ९० हजार. तिचा मुलगा, माझा भाचा, पुण्याला नोकरी करतो. तो म्हणाला, "मामू, अम्मीला आयुष्यभर चष्मा नको. पॉलिसी आहे ना, नव्वदवालंच टाकू." काउन्सेलर मुलगीही म्हणाली, "पॉलिसी असेल तर काही टेन्शन नाही." हे वाक्य कागदावर लिहून द्या म्हटल्यावर ती हसली. मी पॉलिसीची वही मागवली.

पॉलिसी होती आरोग्य संजीवनी. विमा नियामक प्राधिकरणानं सगळ्या कंपन्यांना २०२० सालापासून विकायला लावलेली ही एकसारखी पॉलिसी आहे. कंपनी कुठलीही असो, अटी त्याच. तिच्यात मोतीबिंदूसाठी वेगळी ओळ आहे : विम्याच्या रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यांत जे कमी असेल तेवढं, दर डोळ्यामागं, एका पॉलिसी वर्षात. पॉलिसी घेतल्यापासून पहिले २४ महिने मोतीबिंदूसाठी काही मिळत नाही. आणि प्रत्येक मंजूर रकमेतले ५ टक्के विमेदारानं स्वतः भरायचे. आपाची पॉलिसी तीन वर्षांची होती आणि रक्कम दोन लाख. दोन लाखांचे २५ टक्के म्हणजे ५० हजार, पण ४० हजार त्याहून कमी, म्हणून मर्यादा ४० हजार.

आता हिशेब मांडू. २६ हजारांचं भिंग घेतलं तर त्यातले ५ टक्के, म्हणजे १,३०० रुपये आपाचे आणि २४,७०० कंपनीचे. ९० हजारांचं घेतलं तर कंपनीची मर्यादा ४० हजारांवर थांबते, त्यातूनही ५ टक्के म्हणजे दोन हजार वजा जातात, आणि कंपनी फार तर ३८ हजार देते. उरलेले ५२ हजार घरातून. म्हणजे दोन भिंगांतल्या ६४ हजारांच्या फरकापैकी विमा कंपनी उचलते १३,३०० आणि आमची आपा उचलते ५०,७००. हा झाला एक डोळा. उजवा डोळाही पाठोपाठ रांगेत उभा होताच. मधलं ४२ हजारांचं पॅकेज घेतलं असतं तर घरातून चार हजार गेले असते. हा आकडा पॉलिसीच्या मर्यादेच्या इतका शेजारी कसा येऊन बसला, याचं उत्तर मी कुणाला विचारलं नाही. तुम्हीही मनातच ठेवा.

भाच्याला हा हिशेब पटला, पण मन राजी होईना. हप्त्यानं भरू म्हणाला. आईसाठी स्वस्तातलं घेतलं असं होईल, ही खरी बोच होती. आणि कार्डाची सगळी मांडणी याच बोचेवर बेतलेली असते. पहिल्या रकान्याला कुणी "नेहमीचं, उत्तम" म्हणत नाही, "बेसिक" म्हणतात. आपा इतका वेळ गप्प होती. आमच्या घरातल्या दखनीत ती म्हणाली, "ऐनक तो मेरी आधी उमर से नाक पो है. उसकू उतारने के वास्ते पचास हज्जार?" तिला दारात आलेला माणूस ओळखू यायला हवा होता, रस्ता ओलांडता यायला हवा होता. वाचताना आणि गोधडीला टाके घालताना चष्मा लावायला तिची ना नव्हती.

शेवटी डॉक्टरांशीच बोललो. त्यांनी पडद्याचा स्कॅन पाहिला, पडद्यावर साखरेचे किंचित डाग होते. बुबुळाचा तिरका नंबर अर्धा होता. म्हणजे ट्रायफोकल तिला द्यायलाच नको होतं आणि टोरिकची गरजच नव्हती. डॉक्टर सरळ म्हणाले, "मी यांना मोनोफोकलच टाकेन." मग ते कार्ड तिच्यासमोर का ठेवलं गेलं, असं विचारावंसं वाटलं. पण डॉक्टरांचं उत्तर सरळ होतं, तेव्हा मी ते तिथंच सोडलं. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. सहा आठवड्यांनी चाळिशीचा नवा चष्मा मिळाला, चारशे रुपयांत.

सगळ्यांचं असं होत नाही. नांदेडचे माझे एक कवीमित्र बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांची पॉलिसी वेगळी होती, तिच्यात मोतीबिंदूसाठी आकड्याची मर्यादा नव्हती. ती नाही म्हणून त्यांनी बिनधास्त मल्टिफोकल बसवलं, ८० हजार भरले आणि क्लेम टाकला. कंपनीनं ३१ हजार पाठवले. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की मोतीबिंदूच्या उपचाराला "वाजवी आणि रूढ" तेवढाच खर्च मंजूर आहे. दिवसा वर्तमानपत्र बिनचष्म्याचं वाचतात, हे खरं. पण मुखेडकडून कविसंमेलन आटोपून रात्री परतताना समोरच्या ट्रकच्या दिव्याभोवती कडी दिसली, तेव्हापासून रात्रीचा स्कूटर त्यांनी बंद केला आहे.

कंपनीचं म्हणणं काय असतं, तेही ऐकून घेऊ. ती म्हणते, आम्ही आजाराचा विमा केला. मोतीबिंदू हा आजार आहे, तो साध्या भिंगानं पूर्ण बरा होतो. चाळिशीचा चष्मा घालवणं हा आजाराचा उपचार नाही, ती सोय आहे. शिवाय साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च पॉलिसीतून वगळलेला असतो, त्या कलमाकडेही काही कंपन्या बोट दाखवतात. हे म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. पुण्याच्या त्या ४०० डोळ्यांनीही जवळपास हेच सांगितलं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. कंपनीला असं वाटत असेल, तर "महागड्या भिंगाचा फरक आम्ही देणार नाही" हे एक मराठी वाक्य पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापायला काय हरकत आहे? "वाजवी आणि रूढ" या शब्दांत किती रुपये मावतात, हे विमेदाराला ऑपरेशननंतरच कळतं. नंबर वगळण्याचं कलमही टोरिक-मल्टिफोकलवर जसंच्या तसं बसत नाही. गढूळ भिंग काढावंच लागतं, आणि त्या जागी कुठलं तरी बसवावंच लागतं. कुणी निव्वळ चष्मा घालवायला हे ऑपरेशन करून घेतलेलं नसतं.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत म्हाताऱ्यांचा सरकारी विमा मेडिकेअर साध्या भिंगासकट ऑपरेशनचे पैसे देतो. महागडं भिंग हवं तर काय, यावर तिथं २००५ साली नियम झाला : साध्याचे पैसे विमा देईल, चाळिशी घालवणाऱ्या भिंगाचा वरचा फरक रुग्णानं भरावा. २००७ साली टोरिकलाही तोच नियम लागू झाला. फरक कुणी भरायचा ते आधीच ठरलेलं, त्यामुळं ऑपरेशननंतरची भांडणं कमी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत बहुधा साधंच भिंग मिळतं. त्याच ऑपरेशनात वरचे पैसे भरून महागडं बसवून घेण्याची सोय नाही, हवं असेल तर सगळं ऑपरेशनच खासगीत. आपल्याकडे अमेरिकेची रीत आहे, फक्त ती लिहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट. हृदयातल्या स्टेंटची कमाल किंमत सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधली, गुडघ्याच्या सांध्याची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. डोळ्याच्या भिंगाला तशी कमाल किंमत बांधलेली नाही. डब्यावर कंपनी छापेल ती एमआरपी, वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन. मुळात किती छापायची, यावर नाही.

म्हणून डब्याकडे लक्ष द्या. प्रत्येक भिंगासोबत चिकटपट्टीचं स्टिकर येतं. त्यावर कंपनी, मॉडेल, भिंगाचा नंबर आणि अनुक्रमांक असतो. ते स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यायचा तुमचा हक्क आहे, आणि क्लेमसाठी कंपनी ते मागतेच. एमआरपी डब्यावर असते, म्हणून डबाही पाहून घ्या. पॅकेजच्या आकड्याशी एमआरपी ताडून पाहिली, की फरकातलं किती भिंगाचं आणि किती बाकीचं, हे कळतं. बाकीचं असणं गैर नाही. महागड्या भिंगाला मोजमाप जास्त काटेकोर लागतं, डॉक्टरांचा वेळ जास्त जातो. फक्त ते बिलात वेगळं लिहिलेलं हवं. माझ्या मित्राच्या बिलात "मोतीबिंदू पॅकेज – ८०,०००" अशी एकच ओळ होती. त्यामुळं कंपनीनं नेमकं काय कापलं, हे त्यालाही सांगता येईना आणि कंपनीलाही.

ऑपरेशनच्या आधी दोन कागद हातात हवेत. एक रुग्णालयाचा, त्यात भिंगाचं नाव आणि भिंग, थिएटर, डॉक्टर यांचे आकडे वेगळे. दुसरा विमा कंपनीचा किंवा तिच्या टीपीएचा, त्यात या भिंगाला किती रक्कम मंजूर ते लिहिलेलं. कॅशलेस असेल तर ऑपरेशनआधी मंजुरीचं पत्र येतंच, ते वाचल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका. "आधी भरा, नंतर क्लेम करा, मिळतील सगळे" असं कुणी म्हणालं, तर जो म्हणाला त्याच्याकडूनच ते लिहून घ्या.

आणि पैसे कापलेच गेले, तर माझ्या मित्रानं केलं ते करा. त्यानं रुग्णालयाकडून बिलाची फोड मागून घेतली. मल्टिफोकल भिंग का निवडलं, याचं डॉक्टरांचं पत्र घेतलं. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, की पॉलिसीतल्या कुठल्या कलमानं ४९ हजार कापले ते क्रमांकासह कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई, ठाणे, पालघर, रायगडचा पट्टा सोडला तर उरलेल्या महाराष्ट्राचं हे कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीत चालतो. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा, म्हणून पत्र आलेलं पाकीट तारखेच्या शिक्क्यासकट जपून ठेवा. माझ्या मित्राचा अर्ज गेला आहे. त्यात त्यानं रात्रीच्या कड्यांविषयीही एक परिच्छेद लिहिला होता, तो मी खोडायला लावला. लोकपाल भिंग बदलून देत नाहीत, त्यांच्यासमोर विषय फक्त त्या ४९ हजारांचा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)